मला वजन कमी करायचंय, बायकोला वाढवायचंय. दोघंही नोकरी करतो, दोन वेगळे स्वयंपाक जमणार नाहीत. जेवण कसं ठरवावं?

आमच्याकडे दीड वर्षापूर्वी हाच पेच होता. मला पोट कमी करायचं होतं आणि बायकोचं वजन काही केल्या वाढत नव्हतं. स्वयंपाक एकच ठेवा, पण तो कमी वजनवाल्याच्या नाही, तर तुमच्या हिशोबाने करा. भाजीत पडलेलं तेल नंतर काढता येत नाही, वरून घालता मात्र येतं.

आमचं रात्रीचं जेवण सांगतो. दोघांची मटकीची उसळ दोन छोटे चमचे तेलात करतो. सोबत पोळ्या, काकडीची कोशिंबीर आणि ताक. मी आधी वाटीभर कोशिंबीर खातो, मग दीड वाटी उसळ आणि एक कोरडी पोळी. बायको वाटीभर उसळ आणि दोन पोळ्या खाते. तिच्या पोळ्यांवर मिळून तीन छोटे चमचे तूप असतं आणि बाजूला दोन मोठे चमचे शेंगदाण्याची चटणी, चमचाभर कच्चं तेल घातलेली. जास्तीच्या पोळीचे १००, तुपाचे १३५ आणि चटणीचे १४० असे साधारण पावणेचारशे उष्मांक तिच्या ताटात वाढतात. ताट मात्र फारसं मोठं दिसत नाही.

हे शेवटचं महत्त्वाचं, कारण सुरुवातीला मी तिथेच चुकलो. तिला जास्त भाजी, जास्त ताक, वाटीभर सॅलड असं वाढत होतो. तिचं पोट दोन घासांत भरायचं आणि महिनाभर काटा हलला नाही. आता ती पोळी-उसळीपासून सुरुवात करते, कोशिंबीर शेवटी चवीपुरती, आणि ताक जेवणानंतर अर्ध्या तासाने. केळं आणि पेलाभर म्हशीचं दूध झोपायच्या आधी, कारण जेवणाआधी घेतलं की भूक मरते.

माझी अडचण वेगळी होती. तिच्यासाठी केलेले शेंगदाण्याचे लाडू संध्याकाळी मीच खायचो. आता तो डबा तिच्या ऑफिसच्या बॅगेतच राहतो. माझ्यासाठी भाजलेले चणे आणि उकडलेली अंडी तयार असतात.

वजन दर रविवारी सकाळी उपाशीपोटी करा आणि चार आठवडे बघूनच ठरवा, मधले चढउतार पाण्याचे असतात. तुमचं आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरलं आणि तिचं महिन्याला किलोभर वाढलं तर पुरे. कंबरेला टेपही लावत जा. तिची फक्त कंबरच वाढत असेल तर तूप कमी करा, अंडी-पनीर वाढवा आणि वजन उचलण्याचा व्यायाम सुरू करा. आम्ही तो आठवड्यातून तीनदा करतो.

एक मात्र आधी करा. तिचं वजन अलीकडे आपोआप उतरलं असेल, तर ताटात बदल करण्याआधी डॉक्टरांना दाखवून थायरॉइड आणि साखर तपासून घ्या.