बॅकचेकमध्ये नेमकं काय विचारायचं?

प्रश्न: सर्वेक्षण झालेल्या दहा टक्के घरी दुसरा माणूस पाठवून काही उत्तरं पुन्हा विचारतो, म्हणजे बॅकचेक करतो. सगळी प्रश्नावली परत विचारायची का? आणि डबल एंट्री केली, म्हणजे तोच फॉर्म दोघांनी संगणकात भरला, तर बॅकचेकची गरज उरते का?

सगळी नको. दहा-बारा प्रश्न पुरतात, पण ते विचारपूर्वक निवडा. काही असे घ्या ज्यांचं उत्तर आठवड्याभरात बदलूच शकत नाही, म्हणजे सर्वेक्षक त्या घरी गेला होता की नाही ते कळतं. बाकीचे असे घ्या जिथे एका उत्तरामुळे पुढचे पुष्कळ प्रश्न टळतात. खरी गळती तिथेच होते.

आमच्या एका सर्वेक्षणात घरातल्या प्रत्येक माणसामागे पंधरा प्रश्न होते. तिसऱ्या आठवड्यात एका सर्वेक्षकाच्या फॉर्ममध्ये घरटी माणसं सरासरी पाचवरून चारच्या खाली आली. त्याची आठ घरं पुन्हा तपासली. पाच घरांत त्याने माणसं कमी लिहिली होती, जास्त मात्र एकाही घरात नाही. ऐकण्या-लिहिण्यातली चूक दोन्हीकडे झुकते. एकाच बाजूला झुकली की समजायचं, काम वाचवलं जातंय. एका घरी बॅकचेकला उत्तरं दिली आजींनी. त्यांनी बोटांवर मोजून सात जण सांगितले. फॉर्मवर चार होते, आणि गाळलेल्यांत त्या स्वतःही होत्या.

तरी लगेच कुणावर ठपका ठेवू नका. कामासाठी बाहेरगावी असलेला मुलगा घरात धरायचा की नाही, यावरूनही आकडा हलतो. म्हणून घरातलं कुणाला धरायचं याची व्याख्या बॅकचेकलाही शब्दशः तीच वाचायची, आणि बॅकचेक करणाऱ्याला आधीची उत्तरं अजिबात दाखवायची नाहीत. दाखवली की तो नकळत तीच पुन्हा लिहितो. आम्ही व्याख्या तपासली, ती नीट होती. मग सरासरी घसरायला लागली त्या दिवसापासूनची त्याची सगळी घरं दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतली. फॉर्मही बदलला: आधी सगळ्यांची नावं लिहून घ्यायची, मगच एकेकाचे प्रश्न. पूर्वी प्रत्येक नावापाठोपाठ पंधरा प्रश्न उघडायचे, त्यामुळे पुढचं नाव विचारायचाच कंटाळा यायचा.

दहा टक्के सरसकट वाटू नका. प्रत्येक सर्वेक्षकाची काही घरं पहिल्या आठवड्यातच तपासा, म्हणजे चूक अंगवळणी पडण्याआधी सापडते. पुढे ज्याचे आकडे इतरांपेक्षा वेगळे दिसतील त्याच्याकडे जास्त जा. एकेकाची तीन-चार घरं पाहून निष्कर्ष काढू नका, तेवढ्यात योगायोगही असू शकतो. दोन्ही वेळच्या उत्तरांच्या तुलनेसाठी स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये `bcstats` ही कमांड वेगळी इन्स्टॉल करून वापरता येते. सर्वेक्षकवार फरक त्यात निघतो.

डबल एंट्री फक्त कागदी फॉर्मसाठी. दोघांनी एकमेकांचं न पाहता तोच फॉर्म संगणकात भरायचा, जिथे जुळत नाही तिथे कागद काढून पाहायचा. त्याने टायपिंगच्या चुका पकडल्या जातात, बस. कागदावरच सातऐवजी चार असेल, तर दोघंही चारच भरतील.