मर्जर आर्बिट्राज: सुरुवात फरकापासून नको, पडझडीपासून करा

एक कंपनी दुसरी विकत घेणार अशी घोषणा झाली की विकल्या जाणाऱ्या कंपनीचा शेअर बहुधा ऑफरपेक्षा थोडा स्वस्त मिळतो; तो घेऊन सौदा पूर्ण होण्याची वाट पाहायची, हे मर्जर आर्बिट्राज. ऑफर १०० ची, बाजारात शेअर ९६ ला, म्हणजे ४ खिशात, असा हिशेब तुम्ही मांडलाय. नवीन माणूस इथेच चुकतो. ते ४ तुम्हाला सौदा फिसकटण्याची जोखीम उचलल्याबद्दल मिळतात, शिवाय त्यात पैसे अडकून पडल्याचं व्याजही आहे.

म्हणून आधी तिसरा आकडा शोधा: सौदा मोडला तर भाव कुठे जाईल? घोषणेपूर्वी शेअर ७० ला होता असं धरू. म्हणजे मिळाले तर ४, गेले तर २६. व्याज बाजूला ठेवलं तरी नुसती बरोबरी साधायला सौदा पार पडण्याची शक्यता २६ भागिले ३०, साधारण ८७ टक्के हवी. तुमचा अंदाज त्याहून बराच वर असेल आणि त्यामागे ठोस कारण असेल, तरच घ्या. आणि ७० हा तळ नव्हे. मधल्या काळात धंदा खालावला असेल तर भाव त्याखालीही जातो.

सुरुवातीला एवढं पाळा:

- फरक मोठा दिसला की हुरळू नका. अमेरिकेतल्या जेटब्लू या विमान कंपनीची स्पिरिट या दुसऱ्या विमान कंपनीसाठी ऑफर शेअरमागे ३३.५० डॉलरची होती, तरी स्पिरिटचा बाजारभाव तिच्या निम्म्याच्या आसपास होता. जानेवारी २०२४ मध्ये कोर्टाने विलीनीकरण रोखलं आणि स्पिरिटचा शेअर त्या दिवशी जवळपास निम्म्यावर आला.
- नियामकाची मंजुरी, भागधारकांचं मतदान, पैशाची सोय: यातलं काय बाकी आहे ते कागदपत्रांत वाचा.
- एका सौद्यात किती गुंतवायचं हे ४ वर नाही, २६ वर ठरवा.

शेअरच्या बदल्यात शेअर देणारे सौदे सध्या सोडा, आधी रोख ऑफरच पाहा.