कोलांटी आणि कार्टव्हील: मॅट कुठे, आपण कुठे

प्रश्न: माझ्या वर्गात ६ ते १२ वयाची २०-२२ मुलं-मुली आहेत. काहींना काहीच येत नाही, काही घरी गादीवर शिकून आलेत. ६ बाय ४ फुटांच्या सहा घडीच्या मॅट आहेत आणि शिकवणारी मी एकटीच. कोलांटी आणि कार्टव्हील एकाच वर्गात कसं घेऊ? आधार देताना नेमकं कुठे उभं राहायचं?

उत्तर: एकट्या शिकवणाऱ्याने एका दिवशी एकाच ठिकाणी हात लावायचा. बाकीच्या ठिकाणी मुलं जे करतील ते आधाराशिवाय सुरक्षित असलंच पाहिजे. बडोद्यात मांजलपूरला वर्ग घेते, तिथे सगळी मांडणी मी या एका गोष्टीवरून ठरवते.

पहिले काही दिवस तुमचे हात कोलांटीला द्या. एक मॅट दुमडून ठेवा, तिच्यावर दुसरीचं टोक टेकवा आणि खालची पोकळी जुन्या चादरी दाबून भरा, नाहीतर मुलाच्या वजनाने मॅट मधेच खचते. पुढे तिसरी मॅट सपाट, उतरायला. हा उतार भिंतीला समांतर ठेवा आणि भिंत व उतार यांच्यामध्ये तुम्ही गुडघ्यावर बसा. पाठ भिंतीकडे, सगळा वर्ग समोर. चौथ्या मॅटवर पाठीच्या झोक्यांचा सराव, म्हणजे अंग गोल करून पाठीवर पुढे-मागे झुलायचं. पाचवी-सहावी टोकाला टोक जोडून लांब पट्टी, कार्टव्हीलच्या तयारीसाठी. सगळ्या रांगा एकाच दिशेने जातात आणि मुलं बाहेरच्या बाजूने परत येतात. भिंत, खांब, बाक यांच्यापासून सहा फूट मोकळे हवेतच.

दोन मॅटच्या सांध्याकडे विशेष लक्ष द्या. मी पूर्वी जिथे मदतीला जायचे तिथे दोन मॅटमध्ये चार बोटांची फट पडली होती, एका मुलीचा तळहात नेमका त्यात गेला आणि मनगट मुरगळलं. तेव्हापासून मी खडूने हात टेकवायची जागा आखते, ती सांध्यापासून दूर, आणि दर पाळीनंतर मॅट पायाने सरकवून घट्ट करते.

आता कोलांटी. आमच्याकडे बरीच मुलं ‘गुलांट’ येते म्हणून सांगतात आणि बहुतेकांनी ती डोक्याचा शेंडा टेकवून शिकलेली असते. पलंगावरच्या गादीवर ते चालून जातं, पण पातळ मॅटवर सगळं वजन मानेवर येतं. म्हणून गुलांट येणाऱ्यांनाही मी उतारावरूनच सुरुवात करायला लावते. वरच्या टोकाला उकिडवं बसायचं, हात खांद्याइतक्या अंतरावर उताराकडे टेकवायचे, हनुवटी छातीला, ढुंगण वर. मग पायांनी ढकलायचं. डोक्याची मागची बाजू जेमतेम लागते, वजन घेतात हात आणि मग खांदे. हनुवटी सुटू नये म्हणून मी तिच्याखाली घडी केलेला रुमाल धरायला देते. मध्येच पडला तर कुठे चुकलं ते मुलाला स्वतःलाच कळतं. (गुजराती मुलांना मी ‘दाढी छातीए’ म्हणते, तेव्हा मराठी मुलं हसतात. त्यांना समजावून ठेवावं लागतं की इथे दाढी म्हणजे हनुवटी.)

तुम्ही मुलाचे हात जिथे टेकतात त्याच्या बाजूला बसा. एक हात डोक्याच्या मागे, मान आत वळलेली राहील एवढाच. मान दाबायची नाही. दुसरा हात मांडीखाली, आणि खरं काम तोच करतो. कंबर वर उचलून तो मानेवरचा भार काढून घेतो.

चूक ओळखायला मी मॅटवर खडूची भुकटी चोळते. मागच्या महिन्यात सात वर्षांची एक मुलगी दर वेळी डावीकडे कलंडत होती. मला वाटलं, एक हात कमी लावते. पण पांढरा डाग बघितला तर शेंड्याच्या जरा उजव्या बाजूला होता. ती निघताना मान वळवून रांगेतल्या मैत्रिणीकडे बघत होती. रांग तिच्या मागे नेली, रुमाल दिला, चौथ्या वेळी पांढरं फक्त टीशर्टावर दोन खांद्यांच्या मध्ये. शेंड्यावर डाग दिसला की मूल परत झोक्यांच्या मॅटवर जातं, वय काहीही असो. आणि वर्गात डाऊन सिंड्रोम असलेलं मूल असेल तर मानेची तपासणी होऊन डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय कोलांटी घेऊच नका. वरच्या दोन मणक्यांमधला सांधा त्यांच्यात सैल असू शकतो.

तोवर लांब पट्टीवर कार्टव्हीलची तयारी चालू असते. मॅटवर आडवी दोरी टाका. दोन्ही हात दोरीपलीकडे टेकवून पाय एकामागून एक पलीकडे, कंबरेइतके उंच गेले तरी पुरे. ताल तोंडाने म्हणायचा: हात, हात, पाय, पाय. दोन्ही हात एकदम पडले की ऐकूनच कळतं. दुसऱ्या हाताची बोटं पहिल्या हाताकडे वळलेली हवीत, म्हणजे शेवटी मूल निघालं त्या बाजूला तोंड करून उभं राहतं. पुढे दोरी काढून खडूची रेघ.

याच दिवसांत प्रत्येकाचा पुढचा पाय ठरवा. दोन्ही बाजूंनी चार-चार वेळा करू द्या आणि सोपी बाजू लिहून ठेवा. लिहायच्या हातावरून अंदाज बांधू नका. पाय ठरला की मुलांच्या दोन रांगा होतात, डावी आणि उजवी, आणि कार्टव्हीलला हात लावायच्या दिवशी याचाच उपयोग होतो. डावा पाय पुढे टाकणारं मूल उलटताना छाती उजवीकडे करतं, म्हणजे पाठ डावीकडे येते. तुम्ही पाठीमागेच हव्यात, कारण फिरणारे पाय छातीकडून आले तर तोंडावर बसतात. म्हणून डाव्या रांगेला तुम्ही पट्टीच्या डावीकडे, उजव्या रांगेला उजवीकडे. रांगा मिसळल्या की प्रत्येक मुलामागे बाजू बदलावी लागते, आणि घाईत एखादं मूल चुकीच्या बाजूने येतंच.

हात कंबरेला, आधीच कातरीसारखे. डाव्या पायाच्या मुलाच्या डाव्या कंबरेवर तुमचा उजवा हात, उजव्या कंबरेवर डावा, आणि उजवा हात खालून. मूल उलटं होईपर्यंत हात आपोआप सुटे होतात. खालून-वरून चुकलं तर तुमचेच हात अडकतात आणि ऐन वेळी सोडावं लागतं. कुठे धरणार ते मुलाला आणि पालकांना आधी सांगा, मोठ्या मुलींना तर विचारूनच धरा.

त्या दिवशी लांब पट्टी भिंतीजवळ तुमच्याकडे येते आणि उतार पलीकडे जातो. उतारावर फक्त तीच मुलं, ज्यांच्या सलग तीन कोलांट्यांमध्ये तुमच्या मांडीखालच्या हाताला वजन जाणवलेलं नाही. बाकीची झोक्यांवर, आणि पुढच्या पाळीला परत तुमच्या हाताखाली.