शब्दांच्या भेंड्यांवरची कथा: डाव कसा रचायचा

प्रश्न: माझ्या लघुकथेत लग्नघरात दोन भावंडं रात्री उशिरापर्यंत शब्दांच्या भेंड्या खेळतात. पण खेळ खरा वाटत नाही, नुसती शब्दांची यादी वाटते. काय करू?

आधी डाव कागदावर पूर्ण खेळून घ्या, मग कथा लिहा. यादी वाटते याचं कारण बहुतेक हेच असणार की तुमची दोन्ही पात्रं सुचेल तो शब्द बोलत सुटलीत. मुरलेला खेळाडू शब्द निवडतो तो त्याच्या शेवटच्या अक्षरासाठी. समोरच्याला कुठलं अक्षर द्यायचं, यावर त्याचं सगळं लक्ष असतं. वाचकाला हे डावपेच दिसले की तोही मनात खेळायला लागतो.

नियम मोजकेच ठेवा, पण तुमच्यापुरते पक्के करा. शेवटच्या अक्षराची काना-मात्रा सोडायची, म्हणजे ‘ठिणगी’नंतर ‘ग’. जोडाक्षर असेल तर त्यातलं शेवटचं व्यंजन धरायचं, म्हणजे ‘रात्र’नंतर ‘र’. फक्त नामं, तीही मूळ रूपात. ‘घराला’, ‘घरात’ चालू दिलं तर हवं ते शेवटचं अक्षर प्रत्यय लावून मिळतं आणि खेळात काही उरत नाही. क्रियापदं तर नकोतच. मराठीतली सगळी ‘णे’वर संपतात आणि ‘ण’चा ‘न’ धरला की नाचणे, नेसणे, निवडणे, नमणे असं दोघंही एकाच जागी गरगरत राहतात. हे नियम कथेत समजावून सांगत बसू नका. एकाने ‘नेसणे’ म्हणावं, दुसऱ्याने ‘क्रियापद नाही चालत’ म्हणावं, एवढं पुरे.

आता मुख्य गोष्ट, कोंडी. मराठीत ‘ठ’वर संपणारी नामं भरपूर आहेत आणि जवळजवळ कुठल्याही अक्षरावरून तिथे पोचता येतं: पाठ, गाठ, काठ, मीठ, मठ, ओठ, सुंठ. ‘ठ’ने सुरू होणारी मात्र ठसा, ठेव, ठेच, ठिपका, ठिणगी, ठिकाण, ठराव अशी दहाबारा आठवली की गाडी अडखळते. म्हणून एका पात्राला हे माहीत असू द्या आणि दुसऱ्याला उशिरा कळू द्या.

दोघं नात्याने कोण हेही ठरवा. मी आत्येबहीण आणि मामेभाऊ घेईन, कारण त्याचे वडील आणि तिची आई सख्खी भावंडं. म्हणजे खेळ एकाच घरातून निघाला, पण दोन घरांत वाढला. पुढे याचा उपयोग होतो. ती मोठी, तो तिला ताई म्हणतो. डाव असा जातो:

ताई ‘पाठ’ म्हणते. तो ‘ठसा’. ती ‘सुंठ’. तो ‘ठिणगी’. ती ‘गाठ’. तो ‘ठिपका’. ती ‘काठ’.

इथे तो अडवतो: “काठ झालाय.”

आजूबाजूला माणसं झोपलेली आहेत, त्यामुळे दोघं कुजबुजत खेळतायत. कुजबुजताना घशातला नाद बंद असतो आणि नुसती हवा जाते. ‘ग’ आणि ‘क’ यांत फरक करतो तो मुख्यतः हा नादच, त्यामुळे कुजबुजलेला ‘गाठ’ सहज ‘काठ’ ऐकू येतो. द-त आणि ब-प यांचंही तेच. लग्नघर, उशिराची रात्र, दबका आवाज ही तुमचीच परिस्थिती डावात गोंधळ घालते, हे फार कामाचं आहे. नाहीतर लग्न नुसता पडदा म्हणून मागे टांगलेलं राहतं.

वाद मिटवायला ताईकडे पुरावाही आहे: “तू ठिणगी म्हणालास. ग आला होता. मी काठ कशी म्हणेन?” कोण बरोबर हे साखळीच सांगते. या एका वाक्यात ती किती बारकाईने खेळतेय हे वाचकाला कळतं, वेगळं वर्णन करायला नको.

पुढे तो ‘ठेव’ म्हणतो, ती ‘वेठ’. आता तो थांबतो. ठेच, ठराव अजून शिल्लक आहेत, पण झोपेत ते आठवत नाहीत. ही शांतता लांबू द्या. दमलेल्या माणसाला आधी वापरलेलेच शब्द पुन्हा पुन्हा सुचतात, तर त्याच्या तोंडून एकदा ‘ठसा’ येऊन जाऊ दे. मग अचानक: “ठिगळ.”

आणि ‘ळ’ आला. ‘ळ’ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. ताई म्हणते, “ळ चा ल. लाठी.” म्हणजे पुन्हा ‘ठ’. तो उठून बसतो: “ळ चा ल वगैरे नाही हं. ळ आला की समोरच्यावर भेंडी.” तिच्या नियमाने तो पुन्हा अडकला, त्याच्या नियमाने तो जिंकला. मधला रस्ताच नाही, म्हणून हे भांडण खरं वाटतं.

तुमची कथा मला तरी इथे दिसते. तो म्हणेल, “बाबांनी असंच शिकवलंय.” ती म्हणेल, “मला आईने.” बाबा आणि आई एकाच अंगणात हा खेळ शिकले. मग नियम कुणी बदलला, आणि कधीपासून ती दोघं एकमेकांशी खेळली नाहीत? हे पात्रांनी मोठ्याने विचारायची गरज नाही. तुम्ही स्वतः उत्तर ठरवून ठेवा आणि त्याचा एखादाच धागा बाहेर दिसू द्या, जसं मामा आणि आत्या लग्नात दिवसभर वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले असणं. सकाळी कुणाला तरी विचारून निकाल लावायचा मोह टाळा. त्याने कथा न्यायनिवाड्याची होते.

वेळेचा हिशोबही सांभाळा. एका शब्दाला दहा सेकंद धरले तरी तासाला ३६० शब्द होतात. न थांबता तीन तास खेळले असं लिहिलंत तर हजारावर नामं लागतील, तीही पुनरुक्तीशिवाय आणि सगळी लक्षात ठेवून. तेव्हा मध्ये गप्पा, कुणाचं तरी ‘झोपा आता’, पाणी प्यायला उठणं असे खंड हवेत. दोन शब्दांमधलं अंतर वाढवत नेलं की रात्र पुढे सरकल्याचं आपोआप कळतं आणि घड्याळ दाखवावं लागत नाही. प्रत्यक्ष पानावर मात्र एका डावातले दहाबारा शब्दच येऊ द्या, बाकीचा खेळ एका वाक्यात उरका.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण चुकवू नका. साखळी वेगळ्या कागदावर एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक शब्दासमोर पुढचं अक्षर मांडा. पुनर्लेखनात एक शब्द बदलला की मागचा आणि पुढचा असे दोन सांधे तुटू शकतात. ‘ठेव’च्या जागी सहज ‘ठेच’ टाकलंत तर ताईची ‘वेठ’ तिथे बसत नाही, ‘च’ने सुरू होऊन ‘ठ’वर संपणारा शब्द शोधत बसावं लागेल.