वाक्य तुटलं तर तुटलेलंच पोहोचवा

प्रश्न: मी नुकतंच फोनवरून मराठी-इंग्रजी इंटरप्रिटरचं काम सुरू केलं आहे. पेशंटचं वाक्य कुणी मध्येच तोडलं आणि पुढे काय असणार हे आपल्याला कळत असेल, तर ते पूर्ण करून सांगितलं तर चालतं का? यासाठी कोणता कोर्स करावा?

नाही चालत. कितीही स्पष्ट कळत असलं तरी नाही. यावरून माझं आणि आमच्या क्वालिटीवाल्यांचं चांगलंच वाजलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी पुण्यातून रात्रपाळीला अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कॉल घेते. तो कॉल मंगळवारचा होता. एका आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन गुरुवारी व्हायचं होतं आणि नर्स ऑपरेशनपूर्वीचे नेहमीचे प्रश्न विचारत होती. आजी रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेत होत्या. ही गोळी अशा ऑपरेशनच्या साधारण ५ दिवस आधी थांबवायला सांगतात, म्हणजे त्यांनी ती शनिवारपासून सोडायला हवी होती. नर्सने विचारलं, गोळी बंद केली का? आजी म्हणाल्या, "ती गोळी ना, परवापासून मी..." आणि तेवढ्यात त्यांच्या मुलाने स्पीकरवरूनच नर्सला इंग्रजीत सांगून टाकलं, हो, बंद केली आहे.

आता बघा, आजींच्या तोंडून काय बाहेर पडलं होतं. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं आणि इथे तेच गेलं होतं. शिवाय परवा म्हणजे होऊन गेलेला की येणारा, हेही क्रियापदाशिवाय ठरत नाही. परवापासून बंद केली, म्हणजे रविवारपासून, एक दिवस उशिरा. परवापासून बंद करणार, म्हणजे थेट ऑपरेशनच्या दिवसापासून. परवापासून परत चालू केली, हेही होऊ शकतं. मुलाच्या उत्तरामुळे पहिलाच अर्थ खरा वाटतो आणि घसरायला होतं ते तिथेच. मुलाचं वाक्य आजींच्या वाक्याला जोडलं की एक सुबक, पूर्ण उत्तर तयार होतं. नर्स ते लिहून घेते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते.

मी आधी नर्सला सांगितलं, "इंटरप्रिटर बोलते आहे. पेशंटने गोळीबद्दल बोलायला सुरुवात केली आणि दोन दिवसांचा उल्लेख केला. ते दोन दिवस मागचे की पुढचे, हे वाक्याच्या शेवटी कळलं असतं, पण दुसरी व्यक्ती बोलल्यामुळे वाक्य अपुरं राहिलं. पेशंटला ते पूर्ण करायला सांगू का?" मग मुलगा इंग्रजीत जे बोलला ते आजींना मराठीत सांगितलं. हे बरेच जण करत नाहीत. त्यांना वाटतं, मुलगा नर्सशी थेट बोलला, आपलं काम नाही. पण त्यामुळे आजींच्या नावावर काय उत्तर गेलं, हे आजींनाच कळत नाही.

नर्स हो म्हणाल्यावर मी आजींना फक्त त्यांचेच शब्द परत दिले, "तुम्ही म्हणालात, ती गोळी ना, परवापासून मी... त्याच्या पुढे काय म्हणत होतात?" इथे 'बंद केली का?' असं कधीही विचारू नका. म्हातारी माणसं फोनवर समोरच्याच्या शब्दाला हो म्हणून मोकळी होतात. आजी म्हणाल्या, "अहो, बंद केली होती शनिवारी. पण पोटरी जड वाटायला लागली म्हणून परवापासून मी परत चालू केली. हा दिवसभर कामावर असतो, त्याला कुठलं माहीत!" नर्सने लगेच रक्ताची तपासणी करायला सांगितली आणि सर्जनना कळवते म्हणाली. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. कॉल संपला की आपला संबंध संपतो.

या कॉलवर माझे गुण कापले गेले. शेरा असा की, कुटुंबीयांकडून उत्तर मिळालेलं असताना इंटरप्रिटरने विनाकारण संभाषण थांबवलं आणि कॉल लांबवला. संदर्भ उघड असेल तिथे वाक्य पूर्ण करावं. माझं म्हणणं साधं आहे. संदर्भ उघड वाटत होता तो मुलाच्या उत्तरामुळे आणि ते उत्तर चुकीचं होतं. अमेरिकेतल्या आरोग्यक्षेत्रातल्या इंटरप्रिटरांच्या राष्ट्रीय परिषदेने २००५ साली कामाची मानकं काढली. भर घालू नये, गाळू नये, बदलू नये, हे त्यांच्या अगदी सुरुवातीलाच आहे. तुटलेलं वाक्य आपण पुरं केलं की ती भरच झाली. आपला अंदाज बरोबर निघाला तरी ती भरच. नर्सला वाटतं पेशंट बोलला आणि प्रत्यक्षात बोललेलो असतो आपण. कॉल किती मिनिटं चालला हे मोजणं सोपं असतं, म्हणून तेच मोजतात.

फोनवर आणखी एक सापळा आहे. 'गोळी घेतली' इतकं ऐकू येतं आणि वाक्य पूर्ण वाटतं, पण मागून 'नाही' यायचं राहिलेलं असतं. इथे आवाजाकडे कान द्या. वाक्य संपलं असेल तर आवाज खाली उतरतो, तुटलं असेल तर 'घेतली'वर तो वरच अडकलेला राहतो. त्यात दोघं एकदम बोलले की बरेच स्पीकरफोन एकाचा आवाज दाबून टाकतात, म्हणजे ते 'नाही' बोललं गेलेलं असूनही आपल्यापर्यंत येत नाही. म्हणून 'वाक्य तोडलं गेलं' आणि 'मला ऐकू आलं नाही' या दोन गोष्टी कधी एक करू नका, जे घडलं असेल तेच सांगा. तोडलं गेलं असं सांगितलं तर नर्स घरच्यांना थांबवेल, ऐकू आलं नाही म्हटलं तर फोन जवळ घ्यायला सांगेल.

कधीकधी आपणच बोलणाऱ्याला थांबवतो, कारण पाच वाक्यं एका दमात येतात आणि वहीत मावत नाहीत. तेव्हा अनुवाद झाल्यावर बोलण्याची पाळी त्याच माणसाकडे परत द्यायची, तीही त्याच्याच शेवटच्या शब्दांसकट. नाहीतर नर्स नवा प्रश्न विचारते आणि अर्धी गोष्ट तिथेच राहते.

हे प्रत्येक वाक्याला करत बसायचं नाही. माणूस स्वतःहूनच बोलता बोलता गप्प झाला, तर ते अर्धं वाक्य तसंच द्या आणि थांबा, पुढचं विचारायचं की नाही हे नर्स ठरवेल. नवरा शेजारी बसलेला असताना एखादी बाई वाक्य अर्ध्यावर सोडते, तेव्हा आपण खोदून विचारणं तिला महागात पडू शकतं. तातडीच्या कॉलवर मोठं निवेदन करायला वेळ नसतो, तिथे आलेला तुकडा द्यायचा, 'वाक्य अपुरं' एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं. आणि हो, वरच्या कॉलमधले ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

कोर्सचं म्हणाल, तर अमेरिकेतली वैद्यकीय इंटरप्रिटरची प्रमाणपत्रं किमान ४० तासांचं प्रशिक्षण मागतात, तेवढं बघून घ्या. पण रुजू होण्याआधी कंपनीला दोन गोष्टी जरूर विचारा. वाक्य पूर्ण करून घेण्यासाठी कॉल थांबवला तर गुण कापता का, आणि शेऱ्यावर लेखी हरकत घेता येते का. मी हरकत घेतली होती, आजींचं पूर्ण वाक्य आणि रेकॉर्डिंगमधली वेळ लिहून. गुण परत मिळाले नाहीत, पण 'संदर्भ उघड असेल तिथे वाक्य पूर्ण करावं' ही ओळ त्यानंतर माझ्या कुठल्याच शेऱ्यात आली नाही.