एकाच उमेदवाराला ४ आणि २: स्कोअरशीट नेमकी कुठे कमी पडते

*प्रश्न: आम्ही तिघं वेगवेगळ्या वेळी मुलाखती घेतो. प्रश्न ठरलेले आहेत, स्कोअरशीटही आहे. तरी एकाच उमेदवाराला एक जण ५ पैकी ४ देतो आणि दुसरा २. काय बदलू?*

तुमची पोस्ट वाचून आमच्याकडचे दिवस आठवले. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, हे तुम्ही करताय, म्हणून ते सोडून देतो.

तुमच्या शीटवर ४ म्हणजे काय, हे लिहिलंय का? बहुतेक ठिकाणी 'संवादकौशल्य', 'नेतृत्व' असे गुणविशेष आणि समोर १ ते ५ चे चौकोन असतात. मग प्रत्येक जण मनातल्या मोजपट्टीने गुण देतो. यावरचा उपाय जुना आहे. स्मिथ आणि केंडल या मानसशास्त्रज्ञांनी १९६३ साली मांडला: आकड्यासमोर विशेषण लिहायचं नाही, दिसणारं वागणं लिहायचं.

ग्राहकांच्या तक्रारी हाताळायचं पद धरू. प्रश्न असा: "चिडलेल्या ग्राहकाची एखादी तक्रार तुम्ही हाताळली असेल, ती सांगा." त्यासमोर आम्ही हे लिहिलं होतं:

१ – दोष ग्राहकावर किंवा दुसऱ्या विभागावर ढकलला. स्वतः काय केलं ते सांगता आलं नाही.
३ – तक्रार पूर्ण ऐकून घेतली, ठरलेल्या पद्धतीने सोडवली, ग्राहकाला कळवलं.
५ – ३ मधलं सगळं, शिवाय मूळ कारण शोधून बदल केला आणि तो टिकला का ते नंतर तपासलं.

२ आणि ४ अधल्यामधल्या उत्तरांसाठी. ही वाक्यं टेबलाशी बसून सुचत नाहीत. ते काम रोज करणाऱ्यांना विचारा की चांगल्या माणसाने शेवटची अवघड तक्रार कशी सोडवली आणि कच्च्या माणसाने ती कशी चिघळवली. त्यांच्या तोंडचे प्रसंगच शीटवर येतात.

एवढं करूनही एकदा ४ आणि २ आलेच. नोंदी शेजारी ठेवल्यावर कारण दिसलं. उमेदवार छान ओघवतं बोलला होता: "आम्ही ग्राहकाला शांत केलं, मार्ग काढला." पहिला परीक्षक तिथेच थांबला. दुसऱ्याने विचारलं, "यात तुम्ही स्वतः काय केलंत?" उत्तर आलं की फोन वरिष्ठांनी केला होता. म्हणजे वर्णनं ठीक होती, पण दोघांच्या हातातली माहितीच वेगळी होती. त्यामुळे उपप्रश्नही छापून ठेवा: तुम्ही स्वतः काय केलं? पुढे काय झालं? दोन पुरेत.

आता ज्याने आमचं सर्वांत जास्त नुकसान केलं ते. आमच्या एचआर विभागाने शीटच्या तळाशी 'एकूण मत' असा रकाना हट्टाने घातला, आणि अंतिम यादीही त्यावरूनच लावायला सुरुवात केली. काढा म्हटलं तर "फॉर्म मंजूर झालाय" एवढंच उत्तर. परिणाम असा की लोक आधी तो रकाना मनात भरायचे आणि वरचे गुण त्याला जुळवून घ्यायचे. हे ओळखणं सोपं आहे: एखाद्याच्या शीटवर बहुतेक उमेदवारांना आडवे ४-४-४-४ किंवा २-२-२-२ दिसले, तर तो प्रश्नांना नाही, माणसाला गुण देतोय. एका चांगल्या उमेदवाराला त्या रकान्यात 'आत्मविश्वास कमी' या दोन शब्दांवर नाकारलं गेलं. प्रश्नवार गुणांत ती पुढे होती आणि त्या कामाला तसल्या आत्मविश्वासाची गरजही नव्हती. याचा राग अजून गेलेला नाही. तुमच्याकडे तो रकाना असेल तर आजच काढून टाका.

दुसरा हट्ट माझा: गुण लिहून जमा होईपर्यंत आपसात चर्चा नको. "काय वाटलं?" असं वरिष्ठाने दारातच विचारलं की बाकीच्यांचे आकडे त्याच्याकडे झुकतात. नंतर बसा, आणि जिथे २ किंवा अधिक गुणांचा फरक असेल तेवढ्याच प्रश्नांवर बोला. प्रत्येकाने उमेदवाराचे शब्द वाचून दाखवायचे, आपलं मत नाही. मग हवे तर ज्याने त्याने आपले गुण बदलावेत. ४ आणि २ ची सरासरी ३ काढून मोकळं होऊ नका, कारण वरच्या उदाहरणात ३ हे कोणाच्याच नोंदीतून निघत नव्हतं.

तुम्ही तिघं वेगवेगळ्या वेळी मुलाखती घेता, म्हणून आणखी एक. कोणी मुळातच कडक असतो, तो प्रशिक्षणाने फारसा बदलत नाही, निदान माझा तरी तसा अनुभव आहे. त्यापेक्षा प्रश्न वाटून घ्या: पहिले दोन प्रश्न सगळ्या उमेदवारांना एकानेच विचारायचे, पुढचे दोन दुसऱ्याने. मग कडकपणा सगळ्यांना सारखाच लागतो. तोटा असा की एका प्रश्नाला एकच परीक्षक उरतो, त्यामुळे त्याच्या नोंदी नीट हव्यात.

हे सगळं वागणुकीच्या प्रश्नांना लागू आहे. हिशेब किंवा कोडिंग येतं का, हे मुलाखतीत विचारत बसू नका, छोटं काम करायला द्या. कायदेशीर बाजू मला माहीत नाही, शीट किती काळ जपायच्या ते तुमच्याकडच्या जाणकारांना विचारा.

सुरुवातीला एखादं जुनं उत्तर नाव काढून तिघांनी स्वतंत्रपणे तपासून बघा. तिथेच फरक पडला, तर आधी ३ चं वाक्य दुरुस्त करा. आमच्याकडे गोंधळ बहुतेक वेळा तिथेच निघायचा.