माती परीक्षणाच्या अहवालावर शेतकऱ्यांशी बोलताना

प्रश्न: आमच्या गावातल्या शेतकरी गटासमोर माती परीक्षणाच्या अहवालावर तासभर बोलायचं आहे. जमीन काळी, बागायती, बहुतेकांचा ऊस. अहवालातून नेमकं काय कळतं आणि काय कळत नाही, हे कसं सांगू?

उत्तर:

आकड्यांना हात घालण्याआधी बैठकीत एक गोष्ट विचारा: हा नमुना कुणी काढला, कुठून काढला आणि कधी काढला? मी अशा बैठका घेतो तेव्हा पहिली दहा मिनिटं यावरच जातात आणि ती वाया जात नाहीत. २०१५ साली मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली, तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना अशी आखणी होती. म्हणजे तुमच्या नावाच्या पत्रिकेवरची माती शेजाऱ्याच्या बांधाआतली असू शकते. अशी पत्रिका गावाच्या जमिनीचा अंदाज देते, तुमच्या रानाचा हिशेब नाही.

स्वतः नमुना काढला असेल तरी तो कसा काढला ते बोलतं करा. एका एकरातली वरच्या २० सेंटिमीटरची माती साधारण हजार टन भरते. प्रयोगशाळेत स्फुरद मोजायला त्यातली फक्त अडीच ग्रॅम घेतात. त्या अडीच ग्रॅममध्ये सगळं रान उतरायचं असेल तर आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती काढायला हवी. बांध, झाडाखालची सावली, शेणखताच्या ढिगाची जागा, पाण्याचा पाट हे सगळं टाळायचं. खत टाकून दोन-तीन महिने झालेले असावेत. आणि माती खताच्या रिकाम्या पोत्यात भरायची नाही. हे शेवटचं आवर्जून सांगा, कारण घरात सहज सापडणारी पिशवी तीच असते, आणि मग अहवालात पालाश-स्फुरद भरपूर दिसतो.

आता फळ्यावर एक अहवाल लिहा. गावातल्याच कुणाचा मिळाला तर नाव झाकून घ्या. नसेल तर काळ्या बागायती जमिनीत सहज दिसणारे हे आकडे चालतील: सामू ८.३, क्षारता ०.४२, सेंद्रिय कर्ब ०.५२ टक्के, नत्र हेक्टरी १८८ किलो, स्फुरद १४, पालाश ५६०, जस्त ०.४५ आणि लोह ३.८.

यातला नत्राचा आकडा सगळ्यात जास्त वाचला जातो आणि माझ्या मते तोच सगळ्यात कमी भरवशाचा आहे. बऱ्याच प्रयोगशाळांत मातीवर परमँगनेटचा अल्कधर्मी द्राव टाकून, उकळून जो अमोनिया निघतो त्यावरून नत्र काढतात. काही ठिकाणी तर वेगळी तपासणीच होत नाही, सेंद्रिय कर्बावरून गणित मांडून आकडा लिहितात. पिकाला मात्र नत्र मिळतो तो जमिनीतले जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवतात त्या वेगानं, आणि तो वेग ओल, ऊब आणि हवा यांवर ठरतो. मे महिन्यातल्या कोरड्या मातीतून जुलैचा नत्र कळत नाही. शिवाय २८० च्या खाली 'कमी' अशी पट्टी असल्यामुळे आपल्या काळ्या जमिनीचे बहुतेक अहवाल नत्र 'कमी'च सांगतात. जो शेरा जवळपास प्रत्येकाला मिळतो, तो तुमच्या रानाबद्दल विशेष काही सांगत नाही.

स्फुरद, पालाश आणि जस्ताचे आकडे जास्त कामाचे. पण तेही कोठारातला साठा नव्हेत. ठरावीक द्राव मातीत मिसळून, ठरावीक वेळ हलवून जेवढं द्रावात उतरलं तेवढं मोजलेलं असतं. पूर्वी शेतात केलेल्या प्रयोगांतून दिसलेलं असतं की एवढं उतरलं तर खताला पीक प्रतिसाद देतं, त्याहून जास्त उतरलं तर फारसं देत नाही. म्हणून हेक्टरी ५६० किलो पालाशाचा अर्थ 'ऊस एवढा पालाश खाऊन संपवेल' असा घ्यायचा नाही. 'इथं पालाशाचं खत वाढवून उत्पादन वाढण्याची शक्यता कमी' एवढाच घ्यायचा. स्फुरदाचा आकडा कोणत्या रूपात लिहिलाय हेही बघा. काही अहवालांत निव्वळ स्फुरद असतो, काहींत पोत्यावर लिहितात तसा ऑक्साइडच्या रूपात, आणि दोन्हींत जवळपास २.३ पटीचा फरक पडतो.

मग फळ्यावरच पोती काढून दाखवा. लोकांना हे हवं असतं. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद, ११५ पालाश, म्हणजे एकरी १००, ४६, ४६. नेहमीचा ढोबळ नियम असा की 'कमी' असेल तर पाव भाग वाढवा, 'मध्यम' असेल तर शिफारशीइतकं द्या, 'जास्त' असेल तर पाव भाग कमी करा. आपल्या अहवालात स्फुरद मध्यम आहे, तेव्हा ४६ किलो. ते डीएपीच्या ५० किलोच्या दोन पोत्यांत येतं, आणि त्यांतूनच १८ किलो नत्रही मिळतो. पालाश भरपूर आहे, म्हणून ४६ ऐवजी साडेचौतीस किलो, म्हणजे पोटॅशची दीड पोती जात होती तिथं सव्वाच्या आत भागतं. पालाश पूर्ण बंद करा असं सांगू नका, ऊस तो भरपूर उचलतो. नत्राचा नियम पाळला तर एकरी १२५ किलो होतो, म्हणजे डीएपीतला वजा जाता युरियाची ४५ किलोची पाच पोती आणि वर थोडा. इथं मी स्वतः नियम डोळे झाकून पाळायला सांगत नाही. मागचं पीक काय होतं, पाचट कुजवलं होतं का, मळीचं खत पडलं होतं का, गेल्या साली ऊस लोळला होता का, हे विचारून मगच ते जादा २५ किलो द्यायचे की नाही ठरवा.

यानंतर सामूकडे वळा, कारण तिथं सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. ८.३ आकडा दिसला की कुणीतरी जिप्सम घ्यायला सांगतं. चुनखडीच्या काळ्या जमिनीत हा सामू स्वाभाविक आहे. तो चुनखडीमुळे असेल तर जिप्समनं उतरत नाही. जिप्समचं काम मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम हटवण्याचं. सामू साडेआठच्या वर गेला तर सोडियमचा संशय घ्यायचा. पण पत्रिकेतल्या बारा तपासण्यांत सोडियमही नाही आणि चुनखडीचं प्रमाणही नाही, म्हणजे खरा प्रश्न अहवालात मोकळाच राहतो.

तो बैठकीत दोन गोष्टींनी बराचसा सुटतो. शेताशेतातली वाळलेली छोटी ढेकळं मागवून घ्या. एका ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे, जितकं जोरात तितकी जास्त. आम्ल तुम्हीच हाताळा, मुलांना जवळ घेऊ नका. दुसरं ढेकूळ काचेच्या ग्लासात, बॅटरीच्या दुकानातल्या शुद्ध पाण्यात किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडा आणि न हलवता ठेवा. ढेकूळ विरघळून तळाशी बसलं आणि वरचं पाणी नितळ राहिलं तर ठीक. पण भोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं आणि काही तासांनीही बसलं नाही, तर सोडियमचा संशय पक्का धरून त्या रानाची वेगळी तपासणी करायला सांगा. विहिरीचं पाणी इथं वापरू नका. त्यातल्या क्षारांमुळे गढूळपणा दबतो आणि फसगत होते.

लोहाबद्दलही अहवाल अर्धंच सांगतो. ३.८ हा आकडा ४.५ च्या खाली आहे, म्हणून शेरा 'कमतरता'. पण चुनखडीच्या रानात आकडा पुरेसा असूनही उसावर केवडा पडतो, विशेषतः पाणी जास्त दिलं की. तेव्हा पान बघायला शिकवा. नत्र कमी पडला तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. लोह कमी पडलं तर शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. शंका असेल तर दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन चार-पाच बेटांवरच फवारा आणि त्यांना दोरी बांधून ठेवा. आठवड्याभरात तीच पानं हिरवी झाली तर दोष लोहाचा. मग एकरी दहा किलो फेरस सल्फेट द्यायचं, पण नुसतं जमिनीत टाकलं तर चुनखडी ते बांधून टाकते. दहापट शेणखतात मिसळून आठ-दहा दिवस मुरवायचं आणि मग सरीत द्यायचं. जस्ताचंही तसंच: ०.६ च्या खाली कमतरता धरतात, त्यामुळे या रानाला एकरी आठ किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून.

क्षारतेवर थोडं जास्त थांबा, कारण नदीकाठच्या बागायती पट्ट्यात रानं जातात ती यानंच. समजा दहा खड्ड्यांतल्या नऊ ठिकाणी क्षारता ०.४ आहे आणि सखल कोपऱ्यातल्या एका ठिकाणी ३. सगळी माती एकत्र केली की अहवालात ०.६६ येतं, म्हणजे एकच्या आत, 'सर्वसाधारण'. कोपऱ्यात मात्र ऊस उगवलेलाही नसतो. म्हणून जिथं पीक वेगळं दिसतं त्या जागेचा नमुना वेगळा काढायचा, मुख्य नमुन्यात मिसळायचा नाही. दुसरं म्हणजे २० सेंटिमीटरखाली काय चाललंय ते अहवालाला माहीतच नसतं. पावसाळ्यानंतर क्षार खाली गेलेले असतात आणि उन्हाळ्यात परत वर येतात, त्यामुळे एकाच रानाचे ऑक्टोबर आणि मे महिन्याचे आकडे वेगळे येतात. तीन फुटांचा एक खड्डा घ्यायला लावा. मुरूम किती खोल लागतो, कुठल्या थराला मुळं आडवी वळतात, तळाशी पाणी पाझरतं का, हे डोळ्यांनी दिसतं.

आणि मातीबरोबर पाण्याचा नमुना द्यायला सांगा. पंप दहा-पंधरा मिनिटं चालू दिल्यावर स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं विसळून काठोकाठ भरायची. हिशेब फळ्यावर मांडून दाखवा: पाण्याची क्षारता १.५ असेल तर लिटरमागे साधारण एक ग्रॅम क्षार असतो. पाटपाण्याची साडेसात सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे एकरी तीन लाख लिटर पाणी, म्हणजे जवळपास तीनशे किलो क्षार. उसाला अशा वीस पाळ्या दिल्या की एका हंगामात सहा टनांच्या आसपास क्षार रानात येतो. निचरा चांगला असेल आणि पाऊस धुऊन नेत असेल तर त्यातला बराच निघून जातो. चर बुजलेला असेल तर जात नाही, आणि आजच्या अहवालातल्या ०.४२ वर पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी विसंबता येत नाही.